चारपैकी किती?

२ डिसेंबर २०२४, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी आणि बाबा म्हसळ्याच्या बाजारपेठेतील ऑनलाइन सेवा केंद्राची पायरी चढलो. जर्मनीतील एका भूजल प्रयोगशाळेच्या जागेसाठी अर्ज करायचा होता आणि त्याची मुदत त्याच दिवशी तिकडच्या दुपारी बारा वाजता, म्हणजे आपल्या साडेचार वाजता, संपत होती. बाबांच्या काखेत प्लास्टिकच्या पिशवीत माझी मूळ प्रमाणपत्रे होती. ती त्यांनी एसटीमध्येही मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

अर्ज घरून भरणे शक्य नव्हते. आमच्या गावात नेटवर्क मिळते ते गोठ्यामागच्या चढावर, आणि तिथे स्कॅनर नाही. शिवाय मी रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवीधर असले, तरी माझ्याकडे स्वतःचा संगणक नव्हता. औद्योगिक वसाहतीतल्या ज्या प्रयोगशाळेत मी कारखान्यांचे सांडपाणी तपासत होते, तिथला संगणक तिथल्याच कामापुरता होता. त्या प्रयोगशाळेतला माझा करार डिसेंबरअखेर संपणार होता आणि तो वाढणार नाही असे मला सांगण्यात आले होते. बाबा एका रासायनिक कारखान्यात ऑपरेटर आहेत. त्यांनी माझ्यासाठी तिथल्या मॅनेजरशी बोलून गेटवरच्या कार्यालयात आवक-जावक नोंदवण्याची नोकरी जवळजवळ पक्की केली होती. मॅनेजरला होकार किंवा नकार दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळपर्यंत कळवायचा होता. नोकरी वाईट नव्हती. पण तिथे मोजायच्या होत्या त्या गाड्या, आणि मला पाणी मोजायचे होते.

हा माझा तिसरा अर्ज. आधीचे दोन्ही जर्मनीतल्याच जागांसाठी होते आणि दोन्ही नाकारले गेले होते.

केंद्राचा मालक तिशीतला, हुशार आणि स्वतःच्या हुशारीची पूर्ण जाणीव असलेला माणूस होता. तालुक्यातल्या निम्म्या तरुणांचे भरतीचे अर्ज त्याच्या हातून गेलेले. आमच्या आधी एक मावशी बाकावर बसल्या होत्या. रेशनकार्डाच्या पडताळणीसाठी त्यांचा अंगठा यंत्रावर उमटत नव्हता, म्हणून मालकाने त्यांना हात धुऊन, पुसून, जरा वेळ थांबायला सांगितले होते.

"कुठली भरती, ताई?" त्याने विचारले.

"भरती नाही. जर्मनीतल्या लॅबचा अर्ज."

"तिकडं काय करनार गं?" मावशींनी विचारले.

"पाणी तपासायचं, मावशी."

"पानी तपासाला येवढ्या लांब? आमच्या हिरीचं तपास आधी. उन्हाळ्यात वास मारतंय."

"आणून द्या बाटलीत. तपासते," मी म्हणाले, आणि हे मी खरोखरच म्हणाले होते.

मालकाने पोर्टल उघडले आणि लगेच ब्राउझरचे मराठी भाषांतर सुरू केले. रुजू होण्याच्या तारखेचा रकाना 'प्रवेशाची तारीख' झाला.

"ॲडमिशन हाय का नोकरी?" त्याने विचारले.

मी भाषांतर बंद करायला सांगितले. बी-वनपर्यंतचे जर्मन मी दीड वर्ष ऑनलाइन वर्गात शिकले होते आणि परीक्षा उत्तीर्ण झाले होते. बी-वन म्हणजे रोजचे व्यवहार आणि साधे कार्यालयीन लेखन कळण्याइतपत भाषा. या जागेच्या जाहिरातीत बी-वन पुरेसे होते, पुढचा भाषावर्ग ते स्वतः देणार होते. अशा जाहिराती मला वर्षभरात तीनच दिसल्या होत्या: आधीच्या दोन आणि ही. तेव्हा अर्धवट मराठीपेक्षा पूर्ण जर्मन वाचणे अधिक सुरक्षित होते.

पहिली पायरी रेझ्युमे. मालकाने माझी फाइल पाहिली आणि तो अस्वस्थ झाला.

"वडलांचं नाव न्हाय, जात न्हाय, छंद न्हाय. आणि शेवटी 'वरील माहिती खरी आहे' ते कुठाय? सहीसकट पाहिजे."

"तिकडे ते लागत नाही. उलट्या क्रमाने अनुभव, मग शिक्षण. दोन पाने. बास."

"छंद तरी टाका. वाचन, पर्यटन. सगळे टाकतात."

"ती कुठं पर्यटनाला गेली?" बाबा म्हणाले. "हरिहरेश्वरला, तेसुद्धा आत्याच्या सोबतीनं."

रेझ्युमे चढवल्यावर पोर्टलने तो स्वतःच वाचून पुढचे रकाने भरून टाकले. अशा वेळी पोर्टलवर विश्वास ठेवू नये, हे मी पहिल्या अर्जात शिकले होते. यंत्राने बाबांचे नाव माझ्या आडनावाच्या जागी ठेवले आणि आडनाव गाळून टाकले. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपले नाव, मग वडिलांचे, आणि यंत्राची समजूत वेगळी. पासपोर्टवर आहे तसे मी प्रत्येक अक्षर पुन्हा भरले. अनुभवाच्या तारखाही तपासल्या. दिवस, महिना, वर्ष, मधे टिंब.

मग प्रमाणपत्रे. सगळी मिळून एकच पीडीएफ हवी होती, पाच एमबीपेक्षा लहान. मालकाने सवयीने रंगीत, सर्वांत उच्च प्रतीचा स्कॅन केला आणि फाइल बावीस एमबीची झाली. मग त्याने ती तितक्याच सवयीने दाबून तीनशे केबीवर आणली, कारण भरतीच्या अर्जांना इतकेच चालते. त्यात विद्यापीठाचा शिक्का म्हणजे नुसता काळा डाग दिसत होता.

"पाच एमबी मुभा आहे तर वापरूया ना," मी म्हणाले. "करड्या रंगात, मध्यम प्रतीचा करून बघा."

चार एमबीच्या आत बसले आणि शिक्क्यावरची अक्षरे वाचता येऊ लागली. मालकाने मान डोलावली. ते सेटिंग त्याने नाव देऊन जपून ठेवले, हे मी पाहिले.

एव्हाना बारा वाजत आले होते. मावशींचा अंगठा दुसऱ्यांदा नाकारला गेला होता आणि त्या यंत्राला नावे ठेवत पुन्हा बाकावर येऊन बसल्या होत्या. पोर्टलच्या डाव्या बाजूला सहा पायऱ्यांपैकी तीनवर हिरवी खूण आली होती. चौथी पायरी होती चाळणी प्रश्नांची.

पहिलाच प्रश्न: जर्मनीत काम करण्याचा वैध परवाना तुमच्याकडे आहे का? हो किंवा नाही.

मालकाचा हात माउसवर थबकला. "मागच्या वेळी काय टाकलं होतं?"

"नाही."

"मग तिथंच उडाला ताई तुमचा अर्ज. पहिल्या चाळणीत. आपल्याकडंपण तसंच, एक खूण चुकली की कॉम्प्युटर बाहेर काढतो. 'हो' टाका. पुढचं पुढं."

मी बाबांकडे पाहिले. ते खोटे बोलणारे नाहीत. पण दोन नकारांनंतर माणूस वेगळा विचार करतो.

"बाय," ते हळूच म्हणाले, "या बारीला 'हो' टाकून बघ. तुला येतंय सगळं. निदान कुनी बघंल तरी."

त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. कोणीच माझा अर्ज पाहत नव्हते, हे मलाही ठाऊक होते. माझा दुसरा अर्ज मी एका रविवारी केला होता आणि नकार तासाभरात आला होता. रविवारी तिकडे कोणी कार्यालयात बसत नाही. म्हणजे नकार माणसाने दिला नव्हता, कुठल्या तरी रकान्याने दिला होता. प्रश्न इतकाच होता की कुठल्या.

प्रयोगशाळेत एखादे मापन चुकीचे आले की आम्ही सगळी रसायने ओतून देत नाही. एकेक घटक बाजूला काढतो. मी मालकाला जाहिरात दुसऱ्या खिडकीत उघडायला सांगितली आणि त्या दोघांना एक ओळ वाचून दाखवली: व्हिसाच्या प्रक्रियेत उमेदवाराला साहाय्य केले जाईल.

"ज्यांना परवाना नाही त्यांनाच व्हिसा लागतो," मी म्हणाले. "ते साहाय्य करणार म्हणतात, म्हणजे 'नाही' हे उत्तर त्यांना अपेक्षित आहे. आधीच्या दोन्ही जाहिरातींतही ही ओळ होती. दोष इथे नाही. आणि 'हो' टाकलं तर पुढे पासपोर्टसोबत परवाना मागतील, तेव्हा काय देणार?"

मी 'नाही' निवडले. निवडताच खाली नवीन प्रश्न उघडला: तुम्हाला व्हिसासाठी आमच्या साहाय्याची गरज आहे का? 'हो' म्हटल्यावर अर्ज पुढे सरकला. मालकाने खुर्ची स्क्रीनच्या आणखी जवळ ओढली.

भाषा: यादीतून बी-वन. सध्याचा करार संपण्याची तारीख. रुजू होण्याची शक्य तितकी लवकरची तारीख. व्हिसाला लागणारा वेळ धरून मी मार्चचा पहिला दिवस दिला. वाहन परवाना: नाही. भूजलाचे नमुने घेण्याचा अनुभव: नाही, सांडपाण्याचे घेतले आहेत. तेवढे मोकळ्या चौकटीत लिहिले. या दोन्हींची अट जाहिरातीत नव्हती.

मग आला शेवटच्या परीक्षेच्या श्रेणीचा रकाना. त्याखाली बारीक अक्षरांत, दशांशचिन्हाच्या जागी तिकडच्या रीतीने स्वल्पविराम देऊन: १,० ते ४,०. परदेशी श्रेणी रूपांतरित करून लिहा.

आधीच्या दोन्ही अर्जांत हाच रकाना होता आणि मी तो न अडखळता भरला होता. माझी श्रेणी दहापैकी आठ पूर्णांक सहा. चारच्या मापात आणायची तर त्रैराशिक: तीन पूर्णांक चव्वेचाळीस, म्हणजे ३,४. जाहिरातीत, आधीच्या दोन्हींप्रमाणेच, श्रेणी किमान २,५ मागितली होती. ३,४ त्याहून कितीतरी वर. माझ्या लेखी अर्जातला सर्वांत भक्कम आकडा तोच होता.

मी ३,४ टंकित केले. तेवढ्यात माझ्या लक्षात आले की कामाचा परवाना, भाषा आणि हे, यांखेरीज यंत्राला एकट्याने तोलता येईल असा रकाना उरतच नव्हता. परवान्याचे उत्तर त्यांना अपेक्षित होते. भाषा पुरेशी होती. उरला हा.

"चारपैकी तीन पूर्णांक चार?" मालक म्हणाला. "भारीच आहे की. ऐंशीच्या वर बसतात." मग त्याच्या तोंडून त्याचा नेहमीचा प्रश्न निघाला. प्रत्येक भरतीच्या अर्जात तो सगळ्यांना विचारतो. "पास कितीला?"

"म्हणजे?"

"चारपैकी पास कितीला? शंभरात पस्तीस, इथं किती?"

मला माहीत नव्हते. वर्षभर ज्या मापात मी माझे शिक्षण सांगत होते, त्या मापाची उत्तीर्णतेची रेघ मी कधी शोधलीच नव्हती. उपकरणाचे शून्य न तपासता मापन करण्यासारखेच होते हे.

रकान्याशेजारी प्रश्नचिन्हाचे बारीक वर्तुळ होते. त्यावर टिचकी मारली की श्रेणी रूपांतराचे एक पान उघडत होते. आधीच्या पोर्टलांवर असे काही होते की नव्हते, मला आठवत नाही. मी ते पान सावकाश वाचले. एक वाक्य तीनदा वाचले. उत्तीर्ण होण्याची सर्वांत खालची श्रेणी: ४,०.

"चारला पास," मी म्हणाले.

"चारपैकी चारला?" मालक हसला. "मग नापास किती? सगळेच?"

रकाना ४,० च्या वर काही घेत नव्हता. उत्तीर्णतेची रेघ सर्वांत मोठ्या आकड्यावर असेल आणि त्यापलीकडे आकडाच नसेल, तर उत्तीर्ण झालेली सगळी माणसे त्याच्या खाली असणार. खाली म्हणजे चांगली. एक म्हणजे सर्वोत्तम. बालवाडीपासून मी मोठ्या आकड्याच्या मागे धावत होते, आणि या मापावर मी दोनदा आनंदाने सांगितले होते की मी कशीबशी उत्तीर्ण झाले. 'किमान २,५' याचा अर्थ होता २,५ किंवा त्याहून लहान. माझे ३,४ यंत्राने वाचले आणि दार लावले. त्याचे काही चुकले नव्हते.

मी हे तिघांना समजावून सांगितले. सांगताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण बाबा उभे राहिले.

"उलटं हाय?" मालक म्हणाला. "असं कुठं असतं का? जास्त मार्क म्हंजे जास्त."

"त्यात काय येवढं," बाकावरून मावशी म्हणाल्या. "शाळंत पैला नंबर कुनाचा यायचा? पैला तो पैलाच. चवथा तो चवथा."

मालकाने त्यांच्याकडे पाहिले. "मावशी, तुमी भरा की फॉर्म."

"माजा अंगटा घेत न्हाय तुजं मशीन, फॉर्म कसली भरतंय?"

बाबा मोठ्याने हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच.

त्या पानावर रूपांतराचे सूत्र होते. सर्वोच्च श्रेणीतून आपली वजा करायची, सर्वोच्चातून उत्तीर्णतेची वजा करायची, पहिल्याला दुसऱ्याने भागायचे, तीनने गुणायचे, एक मिळवायचा. आमच्या विद्यापीठात दहापैकी चारला उत्तीर्ण. हे मी गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला छापलेल्या तक्त्यावरून पडताळून पाहिले, कारण आता मी काहीच गृहीत धरणार नव्हते. गुणपत्रिकेची ती बाजू आम्ही स्कॅन केलीच नव्हती. मालकाने न सांगता पिशवीतून मूळ प्रत घेतली, पलटली आणि यंत्रावर ठेवली. नव्याने जुळवलेली फाइल तरीही पाच एमबीच्या आतच राहिली.

एक वाजता वीज गेली. इन्व्हर्टरवर संगणक चालू राहिला, पण राउटर बंद पडला. पोर्टलने मसुदा जपून ठेवला होता की नाही याची मला खात्री नव्हती. मालकाने त्याच्या मोबाइलचे इंटरनेट जोडले. पोर्टलने पुन्हा पासवर्ड मागितला, आणि आत गेल्यावर तीन हिरव्या खुणा जागच्या जागी होत्या. चौथी पायरी मात्र कोरी. चाळणीचे सगळे प्रश्न पुन्हा भरावे लागले. परवान्याच्या प्रश्नापाशी आल्यावर बाबा स्वतःच म्हणाले, "'नाही' टाक."

श्रेणीच्या रकान्यात मी नवा आकडा टंकित केला, सवयीने टिंब देऊन. रकान्याभोवती लाल रेघ आली: अवैध स्वरूप. टिंब काढून स्वल्पविराम दिला. रेघ गेली. रेझ्युमेतही ३,४ लिहिलेले होते. ते बदलून, शेजारी मूळची दहापैकी आठ पूर्णांक सहा ही श्रेणी नोंदवून, फाइल पुन्हा चढवली आणि पोर्टलने पुन्हा बदललेले आडनाव पुन्हा दुरुस्त केले.

शेवटच्या पायरीवर सगळ्या अर्जाचा गोषवारा येतो. मी तो वरपासून खालपर्यंत वाचला, एकेक ओळ बाबांना मराठीत सांगत. त्यांना त्यातले सगळे कळत होते असे नाही, पण मी सांगायची थांबले की ते "हं" म्हणायचे, आणि त्यामुळे माझे वाचन सावकाश होत होते. माहिती वापरायच्या संमतीची चौकट भरली. पाठवायचे बटण मी दाबले तेव्हा मुदतीला बराच अवकाश होता.

पोचपावतीची मेल लगेच आली. तशी ती आधीही दोन्ही वेळा आली होती.

आम्ही समोरच्या हॉटेलात मिसळ खाल्ली. बाबा दर पाच मिनिटांनी विचारत, "आलं काय?" म्हणजे नकार आला का. तासाभरानंतर त्यांनी विचारणे थांबवले. परतीच्या एसटीत मी आकाशाकडे पाहत नव्हते, फोनकडे पाहत होते. मेल आली नाही.

मंगळवारी सकाळी चढावर जाऊन मी पोर्टलवर शिरले. आधीच्या अर्जांपुढे 'नाकारले' असे होते. या अर्जापुढे लिहिले होते: तपासणीखाली. कोणीतरी, एखादे खरेखुरे माणूस, माझी चार एमबीची फाइल उघडून पाहत होते. मी हे बाबांना सांगितले. त्यांनी तिथेच, चढावर उभे राहून मॅनेजरला फोन लावला.

"साहेब, ती गेटची नोकरी दुसऱ्या कुनाला द्या. न्हाय, नक्की न्हाय अजून. पन ती करनार न्हाय ते काम." मग थोडे ऐकून घेऊन म्हणाले, "व्हय, जर्मनी."

मला त्यांच्याइतकी खात्री नव्हती. मी त्यांना तसे म्हणालेही. ते म्हणाले, "कुनी बघतंय ना? मग झालं."

पुढच्या आठवड्यात मुलाखतीचे बोलावणे आले, व्हिडिओवर. मुलाखत मी त्याच केंद्रातून दिली. मालकाने दुपारी शटर अर्धे खाली ओढले आणि बाहेर उभा राहून गिऱ्हाइकांना परत पाठवत राहिला. मावशींनी आणलेली विहिरीच्या पाण्याची बाटली टेबलाखाली होती. त्यांचा अंगठा एव्हाना उमटला होता.

पडद्यावर दोघे जण होते. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई पन्नाशीच्या, माझ्यासारख्याच भरभर बोलणाऱ्या. मी एकदा सावकाश बोलण्याची विनंती केली, तेव्हा त्यांनी मनापासून माफी मागितली. नमुने कसे जतन करता, उपकरण पडताळायला नुसत्या शुद्ध पाण्याचा रिकामा नमुना कधी चालवता, निकाल शंकास्पद वाटला तर काय करता, हे सगळे विचारून झाले. शेवटी त्यांनी माझा रेझ्युमे समोर धरला आणि विचारले, ही श्रेणी तुम्ही स्वतः काढली का, आणि कशी?

मी कागद घेतला. सूत्र लिहिले आणि प्रत्येक संख्या कुठून आली ते जर्मनमध्ये सांगत गेले: दहातून आठ पूर्णांक सहा गेले, एक पूर्णांक चार उरले. दहातून उत्तीर्णतेचे चार गेले, सहा उरले. भागाकार, तिप्पट, अधिक एक. बाई आपल्या कागदावर माझ्याबरोबर मांडत होत्या. पेनाची टोके दोन्हीकडे एकाच वेळी थांबली. मी खाली रेघ ओढली, कागद कॅमेऱ्यासमोर धरला आणि त्यांनी त्यांचा धरला. दोन्हींवर एकच आकडा होता.

१,७